सभागृहात आठ टेबलांची गेमिंग स्पर्धा: वायर, स्क्रीन आणि एक्स्टेन्शन बोर्डांची तयारी

प्रश्न: शाळेच्या कॉम्प्युटर क्लबतर्फे सभागृहात एक दिवसाची गेमिंग स्पर्धा घ्यायची आहे. चार पीएस-४, दोन पीएस-५ आणि दोन निन्टेंडो स्विच असे कन्सोल मुलांच्या घरून येतील. काही टीव्ही घरचे, बाकी मॉनिटर लॅबमधले. केबल, स्क्रीन आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांची तयारी कोणत्या क्रमाने करायची, कुठे काय बिघडतं?

उत्तर:

सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा आणि कंट्रोलरपाशी थांबा. वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासत गेलं की काही सुटत नाही. आणि प्रत्येक टेबल हे स्वतंत्र, स्वयंपूर्ण युनिट समजा: एक टेबल, एक एक्स्टेन्शन बोर्ड, एक कन्सोल, एक स्क्रीन, एक पिशवी. टेबल क्रमांक ३ बंद पडलं तर बाकीच्या सात टेबलांना त्याचा पत्ताही लागू नये.

लोड किती आणि तो कुठे टाकायचा

बहुतेकांना वाटतं की आठ कन्सोल म्हणजे प्रचंड लोड. तसं नाही. खेळ चालू असताना पीएस-४ साधारण १०० वॅट घेतो, पीएस-५ साधारण २२०, आणि डॉकमधला स्विच जेमतेम २०. घरचा ४३ इंची एलईडी टीव्ही १०० वॅटच्या आसपास, लॅबमधला २० ते २२ इंची मॉनिटर ३०. चार टीव्ही आणि चार मॉनिटर धरले तर हिशोब असा होतो: पीएस-४ चे ४००, पीएस-५ चे ४४०, स्विचचे ४०, टीव्हींचे ४००, मॉनिटरांचे १२०. एकूण १४०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या थोडं वर. त्यात प्रोजेक्टरचे ३००, साउंड सिस्टीमचे २०० आणि एका लॅपटॉपचे ६५ मिळवले की १९६५ वॅट, साडेआठ अँपिअर. कन्सोलच्या पाठीवरच्या लेबलवर यापेक्षा मोठा आकडा दिसेल (पहिल्या पीएस-५ वर ३५० वॅट आहे), पण तो कमाल मर्यादेचा असतो.

सोळा अँपिअरच्या एका एमसीबीला साडेआठ अँपिअर जड नाहीत. जड जातात ते मधल्या कमजोर दुव्याला. एकाच छोट्या सॉकेटमध्ये एक बोर्ड, त्या बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी माळ लावली की आठही टेबलांचा करंट पहिल्या बोर्डाच्या वायरमधून आणि त्याच्या एकाच प्लगमधून जातो. छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. स्वस्त बोर्डाची वायर बऱ्याचदा ०.७५ चौरस मिलिमीटरची. सहा अँपिअर तिथे काठावर आहेत, आणि ते तास-दोन तास नाही, दिवसभर वाहणार आहेत. एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्या मते सगळं ठीक आहे. प्लग मात्र आतून तापत राहील. म्हणून बोर्डात बोर्ड हा प्रकार पूर्ण बंद, एका टेबलासाठीही नाही.

सभागृहात पंधरा-सोळा अँपिअरचे मोठे पॉइंट कुठे आहेत ते आधी शोधा. सहसा स्टेजच्या दोन्ही बाजूंना असतात. मग शाळेच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन मुख्य बोर्डावर एकेक एमसीबी पाडून कोणता पॉइंट कशावर आहे ते लिहून काढा. हे काम इलेक्ट्रिशियननेच करायचं, मुलांनी नाही. दोन मोठे पॉइंट वेगवेगळ्या एमसीबीवर असतील तर टेबल १ ते ४ एकावर आणि ५ ते ८ दुसऱ्यावर घ्या, दोन्ही पीएस-५ एकाच बाजूला येऊ देऊ नका. प्रोजेक्टर आणि साउंड तिसऱ्या लाइनवर. स्टेजवरचा अँप्लिफायर कन्सोलच्या लाइनवर असेल तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येण्याची शक्यता वाढते, हेही वेगळं ठेवण्याचं एक कारण.

मोठ्या पॉइंटपासून टेबलांच्या रांगेपर्यंत एक जाड मुख्य एक्स्टेन्शन लागेल: १६ अँपिअरचा प्लग, किमान १.५ चौरस मिलिमीटरची तीनपदरी वायर आणि टोकाला चार स्वतंत्र सॉकेट असलेली पेटी. मांडववाल्यांकडे किंवा साउंडवाल्यांकडे अशा पेट्या असतात, नाहीतर इलेक्ट्रिशियन बनवून देतो. या चार सॉकेटांत चार टेबलांचे बोर्ड लागतील, बाकी काही नाही. मघाच्या नियमाला हा एवढाच अपवाद, आणि तो जाड वायरच्या आणि १६ अँपिअरच्या प्लगच्या जोरावर. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडून पसरा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि त्यामुळे एरवी सहज पेलणाऱ्या करंटलाही आतले वेढे मऊ पडतात.

आणि एक: या दोन लाइनवर त्या दिवशी चहाची किटली लागता कामा नये. दीड हजार वॅटची किटली म्हणजे तुमच्या आठ टेबलांइतका लोड एका फटक्यात. ती स्टाफरूममध्येच राहू द्या.

अर्थिंग, झिणझिण्या आणि जळणारे पोर्ट

पीएस-४ स्लिम, पीएस-५ आणि बहुतेक नव्या टीव्हींना आठच्या आकड्यासारख्या दोन भोकांची वायर लागते. तिला अर्थची तिसरी तार नसतेच. अशा उपकरणाच्या आतल्या फिल्टरमधून अगदी किरकोळ करंट बाहेरच्या धातूकडे झिरपतो. तो धोकादायक नसतो, पण एचडीएमआयच्या टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात. कन्सोल आणि टीव्ही दोन्ही बिनअर्थचे असतील तर हे होणारच. घाबरायचं नाही, पण झिणझिण्या जोरात असतील, हात झटकावा इतक्या असतील, तर ते टेबल बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा.

खरा तोटा वेगळाच आहे. बिनअर्थचा कन्सोल चालू असताना त्याची केबल अर्थ असलेल्या मॉनिटरला जोडली, तर तो झिरपता करंट केबल टेकताक्षणी मॉनिटरकडे धावतो. धातूची कडा टेकण्याआधी सिग्नलची एखादी पिन टेकली तर कन्सोलची एचडीएमआय चिप जाऊ शकते. असा कन्सोल चालू होतो, दिवा लागतो, पण कोणत्याच स्क्रीनवर चित्र येत नाही. म्हणून नियम साधा: एचडीएमआय लावताना किंवा काढताना टेबलाचा बोर्ड बंद. आधी सगळ्या केबल, मग बोर्डाचं बटण. मुलांच्या घरचा कन्सोल आहे, दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा हा वाद नको.

सॉकेटचं अर्थिंग पाहायला तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर पुरतो. अर्थ तुटलेली आहे का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, एवढं तो सांगतो. अर्थ किती चांगली आहे ते सांगत नाही. अर्थ नसलेल्या पॉइंटवर काहीच लावू नका. लॅबमधले मॉनिटर तीन पिनांचे असतात आणि त्यांना ती लागते.

सभागृह आणि लॅब एकाच आरसीसीबीवर, म्हणजे करंट अर्थमध्ये गळू लागला की वीज तोडणाऱ्या उपकरणावर, असतील तर आणखी एक गंमत होते. प्रत्येक डेस्कटॉप थोडासा करंट अर्थमध्ये सोडत असतो. वीस डेस्कटॉप नुसते प्लगला लागलेले असले तरी तो साठत जातो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नियमाप्रमाणे १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. कन्सोलचा काही दोष नसतो, पण पडतो तो स्पर्धेच्या वेळी. त्या दिवशी लॅबमधले डेस्कटॉप भिंतीच्या बटणावरून बंद ठेवा.

एक्स्टेन्शन बोर्ड निवडताना

प्रत्येक टेबलाला दोन सॉकेट लागतात, कन्सोल आणि स्क्रीन. तरी बोर्ड चार सॉकेटचा घ्या. स्विचचा अडॅप्टर ठोकळ्यासारखा असतो आणि शेजारचं सॉकेट झाकतो. शिवाय भारतात आलेले बरेच स्विच बाहेरून आणलेले असतात, त्यांच्या अडॅप्टरला चपट्या पिना असतात. तो अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर लागतो. हा कन्व्हर्टर जड अडॅप्टरच्या वजनाने बोर्डातून निम्मा बाहेर येतो. बोर्ड उभा न लावता आडवा ठेवला की तो लोंबकळत नाही.

बोर्ड विकत घेताना किंवा मागून आणताना तीन गोष्टी पाहा. मागे अँपिअर लिहिलेले असावेत. वायर हाताला भरीव लागावी. आणि प्लग आत घातल्यावर तो घट्ट बसावा. हलवला की हलतो, बारीक तडतड ऐकू येते, असा बोर्ड दिसायला नवा असला तरी बाजूला ठेवा. सैल पकडीतच ठिणगी पडते, आणि तिथे झालेला क्षणाचा खंड कन्सोल रीस्टार्ट करायला पुरेसा असतो. निम्मा सामना झाल्यावर कन्सोल ‘आपोआप’ बंद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

दोन पिनांचा प्लग झडप असलेल्या सॉकेटमध्ये जात नाही तेव्हा मुलं वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून झडप उघडतात. हे दिसलं की लगेच थांबवा. दोन पिनांवरून तीन पिनांवर नेणारे कन्व्हर्टर आधीच आणून ठेवले की तो प्रसंगच येत नाही.

बोर्ड जमिनीवर ठेवू नका. सभागृहाची फरशी सकाळी पुसली जाते, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सांडतात. टेबलाच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर, दोन केबल टायने बांधून टाका आणि बटण मागच्या बाजूला, मुलांच्या पायांपासून लांब ठेवा.

टेबलं कशी मांडायची

चार-चार टेबलांच्या दोन रांगा, पाठीला पाठ, मध्ये एका माणसाला वावरता येईल एवढी साधारण अडीच फुटांची गल्ली. सगळ्या वायर या गल्लीत. खेळणारे बाहेरच्या बाजूंना, त्यामुळे त्यांच्या पायाखाली एकही पॉवरची वायर येत नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांना खुर्ची किंवा दोरी लावा. आत फक्त दोन स्वयंसेवक. मुख्य वायर दाराजवळून न्यावीच लागली तर रबरी केबल गार्ड घाला, नाहीतर जाड कापडी टेपने पूर्ण लांबीभर चिकटवा. ठिकठिकाणी टेपचे तुकडे लावले की मधली वायर उचलली जाते आणि त्यातच पाय अडकतो. सतरंजीखालून वायर नेऊ नका. वरून चालणाऱ्या पावलांनी ती चिरडते आणि तापलेली दिसत नाही.

टेबलावर चादर घालायची तर ती कन्सोलच्या मागे-खाली गोळा होणार नाही हे पाहा. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली पीएस-४ चा पंखा आधीच पूर्ण वेगात असतो. मागे किमान चार बोटं जागा मोकळी हवी.

स्क्रीन: इथेच निकाल बदलतात

स्क्रीन मोठी असण्यापेक्षा ती लवकर चित्र दाखवणारी असणं महत्त्वाचं. बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत जो वेळ जातो तो प्रत्येक स्क्रीनचा वेगळा असतो. साध्या मोडमधला टीव्ही चित्र ‘सुंदर’ करण्यात शंभर मिलिसेकंदही घालवू शकतो, तर गेम मोडमध्ये तोच टीव्ही बऱ्याचदा वीसच्या आसपास येतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे गेम मोड विसरला तर खेळाडू पाच-सहा फ्रेम मागे. फुटबॉलच्या खेळात गोलकीपर उशिरा उडी मारतो आणि मुलं कंट्रोलरला दोष देतात.

यासाठी माझं मत स्पष्ट आहे: फुटबॉल आणि मारामारीचे खेळ लॅबमधल्या मॉनिटरवर घ्या, टीव्ही स्विचला द्या. चौघांनी मिळून गाड्या पळवायच्या खेळात स्क्रीनचे चार भाग होतात, तिथे मोठी स्क्रीन खरंच हवी. तुमच्याकडे मॉनिटर चारच आहेत, त्यामुळे चारही पीएस-४ मॉनिटरवर आणि दोन पीएस-५ व दोन स्विच टीव्हीवर ही वाटणी बरोबर बसते. एका खेळाचे सगळे सामने एकाच प्रकारच्या स्क्रीनवर झाले की तक्रारीला जागा राहत नाही. वर्गातले मोठे टच पॅनल सामन्यांना वापरू नका, त्यांच्यावर वेळापत्रक दाखवा.

टीव्हीचा उशीर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा, त्याची एचडीएमआय एकात दोन स्प्लिटरला द्या, एक तोंड चांगल्या मॉनिटरला आणि दुसरं टीव्हीला. दोन्ही शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढा. समजा मॉनिटरवर १२.४८० दिसतंय आणि टीव्हीवर १२.४१३, म्हणजे टीव्ही ६७ मिलिसेकंद, चार फ्रेम मागे. गेम मोड लावून पुन्हा फोटो काढला आणि फरक १७ वर आला तर टीव्ही चालेल. एका फोटोवर विसंबू नका. स्क्रीन स्वतः १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, तेवढी चूक गृहीत धरून दहा फोटोंची सरासरी घ्या. मॉनिटरपेक्षा दोन फ्रेमहून जास्त मागे असणारा टीव्ही प्रेक्षकांना द्या.

बऱ्याच टीव्हींमध्ये गेम मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा साठवला जातो. आदल्या दिवशी पोर्ट १ वर लावला आणि सकाळी कोणी केबल पोर्ट २ मध्ये घातली की तो गेला. पोर्टवर रंगीत टेपचा तुकडा लावा. त्याच वेळी चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत ना ते पाहा. कोपऱ्यातला स्कोअर अर्धा दिसत असेल तर टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये `Just Scan`, `Screen Fit` किंवा तत्सम पर्याय निवडा.

एकाच कंपनीचे दोन टीव्ही शेजारी असले तर एका रिमोटने दोन्ही बंद होतात. सगळे रिमोट गोळा करून संयोजकाच्या टेबलावर. आणि टीव्ही बंद झाला की कन्सोलही झोपतो, कारण दोघे एचडीएमआयवरून एकमेकांशी बोलतात. हे बोलणं बंद करा: पीएस-४ वर `Settings > System > Enable HDMI Device Link` ची खूण काढा, पीएस-५ वर `Settings > System > HDMI` मध्ये तेच, स्विचवर `System Settings > TV Settings > Match TV Power State`.

जुने मॉनिटर आणि कन्व्हर्टर

लॅबच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए पोर्ट असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा कन्व्हर्टर लागेल. दुकानात याच्या शेजारीच अगदी तसाच दिसणारा, उलट्या दिशेचा कन्व्हर्टर ठेवलेला असतो. तो आणला तर काळ्या स्क्रीनपलीकडे काही मिळणार नाही. यूएसबीवरून वीज घेणारा आणि बाजूला ३.५ मिलिमीटरचा आवाजाचा जॅक असलेला घ्या, कारण व्हीजीएतून आवाज जात नाही.

तो लावूनही पीएस-४ वर स्क्रीन काळी असेल तर कारण बहुधा कॉपी-संरक्षण असतं. `Settings > System > Enable HDCP` बंद करा. पीएस-५ वर ते `Settings > System > HDMI` मध्ये आहे. यामुळे सिनेमाची अ‍ॅप चालणार नाहीत, खेळ चालतील. हे एखाद्या टीव्हीवर आदल्या दिवशीच करून ठेवा, कारण काळ्या स्क्रीनवर सेटिंग सापडत नाही. स्क्रीनवर `Out of Range` असं आलं तर कन्सोल त्या मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन पाठवतोय, ते ७२० वर आणा. पीएस-४ साठी सुटकेचा मार्ग: पूर्ण बंद कन्सोलचं पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा, कंट्रोलर यूएसबीने जोडा आणि `Change Resolution` निवडा.

मॉनिटरला स्पीकर नसतील तर हेडफोन थेट पीएस-४ च्या कंट्रोलरला लागतो. आठ टेबलांचा आवाज एका सभागृहात घुमतो, त्यामुळे ही अडचण नसून सोयच आहे.

एचडीएमआय केबल

टेबलावर दोन मीटरची केबल पुरते. सगळ्या पीएस-५ चं रिझोल्यूशन 1080p वर बांधून टाका आणि एचडीआर बंद करा (`Settings > Screen and Video`). त्यामुळे मुलांनी आणलेली कोणतीही साधी केबल चालते आणि टीव्ही बदलला तरी चित्र सारखंच राहतं. केबल कमजोर असली की आधी पांढरे ठिपके चमकतात, मग एक-दोन सेकंद स्क्रीन काळी होऊन परत येते. असं दिसलं की केबल बदला, कन्सोल तपासत बसू नका.

अंतिम सामना प्रोजेक्टरवर दाखवायचा असेल तर खेळाडूंना प्रोजेक्टरकडे बघून खेळायला लावू नका. प्रोजेक्टरही उशीर करतो, आणि तिरकं चित्र सरळ करणारी सेटिंग चालू असेल तर जास्तच. कन्सोल ते स्प्लिटर, स्प्लिटरचं एक तोंड खेळाडूंच्या मॉनिटरला, दुसरं प्रोजेक्टरला. स्प्लिटर वीज लागणारा हवा, बिनविजेची वाय आकाराची केबल चालत नाही. प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर अंतर असेल तर साधी तांब्याची केबल धोक्याची. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, `Source` लिहिलेलं टोक स्प्लिटरकडे आणि `Display` लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी ओढून छताला बांधली तर सगळी सोडून पुन्हा बांधावी लागते, म्हणून बांधण्याआधी जमिनीवर पसरून चालवून पाहा.

स्विचचा डॉक

स्विच टीव्हीवर दिसत नसेल तर पहिला संशय अडॅप्टरवर. डॉकला १५ व्होल्ट लागतात. मोबाइलच्या साध्या चार्जरने स्विच चार्ज होतो, पण टीव्हीवर चित्र येत नाही. मूळ अडॅप्टरच आणायला सांगा. मूळ असूनही चित्र नसेल तर अडॅप्टर भिंतीतून आणि डॉकमधून दोन्हीकडून काढून अर्धा मिनिट थांबा, मग परत लावा. चित्र जात असेल तेव्हा डॉकच्या पुढचा हिरवा दिवा लागतो.

कंट्रोलरच्या वायर

घरून आलेला कंट्रोलर घरच्याच कन्सोलशी जोडलेला असतो. मुलाने टेबल ५ वर बसून मधलं बटण दाबलं की टेबल २ वरचा त्याचा कन्सोल जागा होतो, चालू सामन्यात घुसतो. म्हणून पीएसचे सगळे कंट्रोलर वायरने. पीएस-४ वर `Settings > Devices > Controllers > Communication Method > Use USB Cable`, पीएस-५ वर हीच निवड `Accessories` मध्ये.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मोबाइलसोबत येणाऱ्या काही यूएसबी वायरमध्ये डेटाच्या तारा नसतात. कंट्रोलर चार्ज होतो, पण कन्सोल त्याला ओळखत नाही. प्रत्येक वायर आधी मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये लावून फाइल जाते का ते बघा, जाते त्यांनाच हिरवा टेप. पीएस-४ ला मायक्रो यूएसबी, पीएस-५ ला टाइप-सी. लांबी तीन मीटर घ्या. दीड मीटरची वायर हिसका बसला की कन्सोलला टेबलावरून ओढते. टेबलाच्या पुढच्या कडेला वायरचा एक वेढा वेल्क्रोने बांधला की हिसका कन्सोलपर्यंत पोहोचत नाही.

किती सामान

- चार सॉकेटचे एक्स्टेन्शन बोर्ड ८, जादा २
- १६ अँपिअरची चार सॉकेटवाली मुख्य एक्स्टेन्शन २
- दोन मीटर एचडीएमआय ८, जादा ३
- आठच्या आकड्याची पॉवर वायर, जादा २. मॉनिटरची तीन पिनांची, जादा १
- व्हीजीए कन्व्हर्टर लागतील तेवढे, जादा १
- मायक्रो यूएसबी डेटा वायर ८, टाइप-सी ४, जादा प्रत्येकी २
- पिन कन्व्हर्टर ४, स्प्लिटर १, सॉकेट टेस्टर १
- कापडी टेप, केबल टाय, वेल्क्रो, मार्कर

कन्सोल घेताना त्याच्या पाठीचा फोटो काढा आणि कन्सोल, वायर, अडॅप्टर, कंट्रोलर चारही वस्तूंवर एकाच क्रमांकाचा टेप लावा. संध्याकाळी आठ सारख्या काळ्या वायरमधून आपली ओळखणं कोणालाच जमत नाही.

आदली संध्याकाळ आणि तो दिवस

अपडेट आणि गेमचे लायसन्स आठवडाभर आधी, घरच्या इंटरनेटवर. शाळेच्या वाय-फायवर आठ कन्सोल एकदम अपडेट मागू लागले की दुपार होते.

आदल्या संध्याकाळी आठही टेबलं लावून प्रत्येकावर खरा सामना अर्धा तास चालवा. मेनूवर नुसता उभा असलेला कन्सोल पूर्ण लोड घेत नाही, त्यामुळे ती चाचणी फसवी. अर्ध्या तासाने मुख्य पेटीचं बटण बंद करून प्रत्येक प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकच्या अंगाला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल किंवा जळका वास असेल तर तो बोर्ड बाद.

सकाळी बोर्ड एकेक करून चालू करा, मध्ये पाच-दहा सेकंद जाऊ द्या. सगळे एकदम चालू केले की सुरुवातीच्या झटक्याने एमसीबी पडू शकतो.

मध्येच वीज गेली तर स्वयंसेवकांनी आधी आठही बोर्डांची बटणं बंद करायची. वीज परतताना व्होल्टेज वर-खाली होतं. दोन-तीन मिनिटं लाइट स्थिर आहेत हे बघून मग एकेक टेबल चालू. पीएस-४ अचानक बंद झाला असेल तर तो सुरू होताना डिस्क तपासतो, त्याला काही मिनिटं लागतात. ते मध्येच बंद करू नका. यूपीएस हवा असेल तर फक्त अंतिम सामन्याच्या टेबलाला. ६०० व्हीएचा यूपीएस पीएस-४ आणि मॉनिटर काही मिनिटं धरतो. बाकी टेबलांवर खंडित सामना पुन्हा खेळायचा की त्या क्षणीचा स्कोअर धरायचा, हे पहिल्या फेरीआधी माइकवर सांगून टाका.

एखादं टेबल बिघडलं तर क्रम ठरलेला: स्क्रीनचा इनपुट बरोबर आहे का, मग बोर्ड बंद करून केबल बदल, मग स्क्रीन बदल, शेवटी कन्सोल. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर काय बिघडलं होतं ते कळणार नाही. काढलेल्या खराब केबलला लगेच मधोमध गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाका. तशीच टेबलावर राहिली तर दहा मिनिटांत ती कोणीतरी दुसरीकडे लावतो.

शेवटी प्रत्येक कन्सोल मेनूतून पूर्ण बंद करा, रेस्ट मोडमध्ये नाही, दिवा विझल्यावरच बोर्डाचं बटण.